खंब्यातले सत्तर एमएल

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. परभणीसारख्या गावात बाई पिते म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. पण नवराबायको दोघंही घेतात अशी माझ्या ओळखीतच चार घरं आहेत, सगळी बंद दारामागची. त्यातली एक मैत्रीण परवा म्हणाली, "आम्ही कमी करायला गेलो आन् बोलणंच बंद झालं." आमच्या घरातही हेच झालं होतं. म्हणून लिहितेय.

मी बँकेत आहे, ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पोरगा क्लासेससाठी लातूरला गेला आणि घर एकदम रिकामं झालं. आधी महिन्यातून एखादा शनिवार असायचा, त्याचे आठवड्यातून चार दिवस झाले. हे दुकान बंद करून साडेआठला यायचे. गच्चीवर पाणी मारून ठेवलेलं असायचं, चटई, खारे शेंगदाणे, कांदा-लिंबू, आणि दोघांचे दोन-दोन पेग. खरं सांगते, लग्नाच्या वीस वर्षांत आम्ही जेवढं बोललो नाही तेवढं त्या गच्चीवर बोललो. कमी करायचं ठरलं तेव्हा मला दारू जाण्याची धास्ती नव्हती. तो तास जाईल याची होती.

ठरलं ते ह्यांच्या तपासणीमुळे. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याला किती?" हे म्हणाले, चार दिवस, दोन-दोन पेग. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, "माप कुठलं?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते म्हणाले, दोन आठवडे काहीच कमी करू नका, फक्त मोजा आणि लिहा.

मोजायला स्टीलचं पेगमेजर आणलं. पहिल्या दिवशी रोजच्या हातानं ग्लासात पाणी ओतलं आणि मग ते मापलं. ह्यांचा "एक" निघाला ९५ एमएल, माझा ७५. आम्ही समजत होतो साठ-साठ. म्हणजे एका संध्याकाळी दोघांत मिळून ३४०. साडेसातशेचा खंबा दोन संध्याकाळीत का संपतो ते तेव्हा कळलं. साठच्या हिशोबानं तो तीन दिवस पुरायला हवा होता.

आता खरी गोष्ट. दोन संध्याकाळचे ६८० होतात. वही लिहून आठवडा झाला तेव्हा ह्यांनी साधा प्रश्न केला, "मग सत्तर कुठं जायलेत?"

ते सत्तर मी घ्यायचे. भाकरी थापताना, ओट्यापाशी, स्टीलच्या फुलपात्रात. ते मी कधी पिण्यात धरलंच नव्हतं. आठवड्याला दोन खंबे यायचे, म्हणजे माझे १४० आणखी. बेरीज केली तर ह्यांचे आठवड्याला ७६०, माझे ७४०. ह्यांचं वजन ७८ किलो, माझं ५४. आम्ही समजत होतो की ह्यांना कमी करायचंय आणि मी साथ देतेय.

तीस एमएलच्या लहान पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे दोघांचेही आठवड्याला पंचवीसच्या आसपास पेग होत होते. ब्रिटनच्या डॉक्टरांनी जी मर्यादा सांगितलीय, बाई असो की पुरुष, ती याच हिशोबानं अकराच्या आसपास येते. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२३ मध्ये सांगूनच टाकलं की पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते. "तुम्हाला दोन तर मलाबी दोन" हा माझा हट्ट मला बरोबरीचा वाटायचा. शरीराच्या हिशोबानं मी ह्यांच्यापेक्षा जास्तच पीत होते.

इथून पुढं आम्ही बिघडवलं. ह्यांना जमायला लागलं आणि मला जमेना. कारण मला आत्ता कळतंय, तेव्हा नव्हतं कळत. ह्यांना जिंतूर रोडचा ढाबा आहे, मित्र आहेत, गच्ची बंद झाली तरी मन रमवायला चार जागा आहेत. मला बसायला ती गच्ची सोडून दुसरी जागाच नव्हती. ज्या बाईचं पिणं नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, तिची धडपडही नवऱ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. आणि तोच नवरा पहारेकरी झाला तर तिनं जायचं कुठं?

ह्यांनी बाटलीवर पेनानं खूण करायला सुरुवात केली. मनात वाईट नव्हतं त्यांच्या, हिशोबाचा माणूस आहे, दुकानात औषधाचा स्टॉक मोजतात तसं. रात्री विचारायचे, "किती झालं?" मी सांगायचे, एक. आणि एका रात्री मी खुणेपर्यंत पाणी भरलं.

दोन दिवसांनी त्यांना चवीवरून कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्यापासून कामून लपवायलीस?" मी रडत-रडत जे बोलले ते सगळं जुनं होतं. सासूबाईंचं आजारपण, पोराच्या फीचं, ह्यांच्या ढाब्याचं. पुढचे बारा दिवस घरात फक्त "जेवण झालं का" एवढंच बोलणं होतं.

लपवणं माझी चूक होती, त्याला मी फाटा फोडत नाही. पण त्या बारा दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. दोघांनी मिळून कमी करताना एकमेकाचं मोजायला गेलं की अढी बसलीच. मोजणाऱ्याला वाटतं, मी एवढा जीव तोडतोय आणि ही फसवतेय. ज्याचं मोजलं जातं त्याला वाटतं, हा माझा नवरा नाही, तपासनीस आहे. मग पिणारा पितो ते दारूसाठी कमी आणि त्या नजरेवरच्या रागानं जास्त.

नॉर्वेत सुमारे २० हजार जोडप्यांचा १५ वर्षं मागोवा घेतला होता. जास्त पिण्यानं संसार मोडण्याची शक्यता वाढते हे त्यात आहेच. पण दोघांचं पिणं साधारण सारखं असलेल्या घरांपेक्षा दोघांच्या पिण्यात मोठी तफावत असलेली घरं जास्त मोडली, आणि बायको खूप पिणारी नि नवरा कमी, तिथं जास्तच. वाचून मला आधी रागच आला. नंतर वाटलं, आमच्यासारख्यांसाठी यात इशारा आहे. कमी करताना एक जण पुढं जातो, दुसरा मागं राहतो, आणि ही तफावत मध्येच नव्यानं तयार होते. त्या दोन-तीन महिन्यांत पुढं गेलेला माणूस कसा वागतो यावर बरंच काही ठरतं.

आम्ही जे बदललं ते असं. ज्याचं त्यानं लिहायचं, दोन वेगळ्या वह्या, आणि "किती झालं" हा प्रश्न घरातून बंद. रविवारी सकाळी चहाला दहा मिनिटं, ज्यानं त्यानं आपला आठवड्याचा आकडा स्वतः वाचायचा. ऐकणाऱ्यानं एकच विचारायचं, "या आठवड्यात मी काय करू?" तेव्हा जुनं काही काढायचं नाही. ठरल्यापेक्षा जास्त झालं तर ज्याचं झालं त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगायचं, फोनवर चालेल, आणि ऐकणाऱ्यानं त्या दिवशी त्यावर काहीच बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हे फोनवर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं. येताना लिंबं आणू का?" त्या दिवसापासून मी खरं सांगायला लागले.

दुसरं म्हणजे खंबा आणणंच बंद. घरात क्वार्टरच येते, एकच, आणि त्याच दिवशी. १८० एमएल, दोघांत ९०-९०. महाग पडते, पडू द्या. बाटलीच संपली की खुणाही नको आणि पहाराही नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी ठरवल्या, बुधवार आणि शनिवार. चाराच्या दोन व्हायला दहा आठवडे लागले, माझे तीन ह्यांच्यापेक्षा जास्त. स्वयंपाक आधी उरकून मगच गच्चीवर जायचं हा नियम मी माझा मला लावला, कारण माझा धोका ओट्यापाशी होता.

गच्ची मात्र सोडली नाही. उरलेल्या दोन दिवशीही साडेआठला तीच चटई, तेच शेंगदाणे, त्याच ग्लासात सोडा, लिंबू, काळं मीठ. नाहीतर जेवून कृषी विद्यापीठाच्या बाजूला चालायला. मी ह्यांच्याकडून एक मागून घेतलं: माझ्या कोरड्या दिवशी ढाब्यावर घेणार असाल तर आधी फोन करा. जाऊ नका म्हणाले नाही. पण काही न सांगता वास घेऊन दारात आले की मला एकटीला शिक्षा झाल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दहा दिवसांबद्दल आधी कुणी सांगायला हवं होतं. दारूनं झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, हे खरं. तरी सवय झालेल्या शरीराची दारू कमी केली की सुरुवातीला झोप आणखीच बिघडते, चिडचिड होते, घाम येतो. आम्ही गॅस सिलेंडर कुणी बुक करायचं यावरून तासभर भांडलो. तेव्हा वाटलं संसारच बिघडलाय, पण त्यात शरीराचा वाटा मोठा होता. त्या दिवसांत मोठा विषय काढू नका. पैसे, सासर, माहेर, काहीच नको.

आणि एक गोष्ट, ही कळकळीनं सांगते. आमचं पिणं रोजचं नव्हतं, म्हणून घरच्या घरी हळूहळू कमी करता आलं. ज्याचे सकाळी हात थरथरतात, घेतल्याशिवाय अंघोळीला उठवत नाही, त्यानं बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या शब्दाखातर एका दिवसात बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावतो. आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. घरातून निघणं होत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला किंवा १४४४६ वर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला फोन करा, नाव सांगायची जबरदस्ती नाही. असल्या माणसाला जोडीदारानं "थोडी कमी घे" म्हणत सांभाळत बसणं ही मदत होत नाही.

आज आठवा महिना. या रविवारी ह्यांनी वाचलं १८०. मी वाचलं २४०, कारण शुक्रवारी पोराच्या टेस्टचा निकाल आला आणि मी एकटी घरी होते. हे म्हणाले, "या आठवड्यात मी काय करू?" मी म्हणाले, शुक्रवारी दुकान सातला बंद करा. दिवाळीत दीर-जाऊ येणार आहेत, तेव्हा खंबा येणार हे नक्की. त्या चार दिवसांचं कसं करायचं ते अजून ठरलेलं नाही, पुढच्या रविवारच्या चहाला तोच विषय आहे.