कार्ड कमी फ्रेम देत असेल, तरच अडॅप्टिव्ह सिंक कामाला येतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “अडॅप्टिव्ह सिंक ही मोठ्या कार्डवाल्यांची चैन आहे. कार्ड मॉनिटरच्या हर्ट्झएवढे फ्रेम देत नसेल तर त्याचा उपयोग शून्य. फ्रीसिंक मॉनिटरला एएमडीचंच कार्ड लागतं. आणि ७५ चा घ्या की १४४ चा, सगळे फ्रीसिंक सारखेच.”

हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, फ्रेम म्हणजे कार्डानं तयार केलेलं गेमचं एकेक चित्र, आणि अडॅप्टिव्ह सिंक म्हणजे कार्डाकडून फ्रेम येईल तसा मॉनिटरनं आपला वेग बदलणं. मेसेजच्या पहिल्याच वाक्यात उलटं झालंय. फ्रेम हर्ट्झच्या वर गेले की अडॅप्टिव्ह सिंकचं काम संपतं, कारण मॉनिटर त्याच्या कमाल वेगापलीकडे धावू शकत नाही. तिथं पुन्हा व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला मॉनिटरच्या ठोक्यासाठी थांबवणारी सेटिंग, लावायचं किंवा चित्र फाटू द्यायचं, एवढंच हातात उरतं. म्हणूनच जाणकार ७५ हर्ट्झवर गेम ७२ ला आणि १४४ हर्ट्झवर १४१ ला अडवून ठेवतात. या तंत्राचा सगळा फायदा त्या रेषेच्या खाली आहे, म्हणजे मध्यम कार्डवाला जिथं कायम असतो तिथंच.

७५ हर्ट्झचा साधा मॉनिटर घ्या आणि गेम ५५ फ्रेम देतोय असं धरा. मॉनिटर दर १३.३ मिलिसेकंदांनी चित्र बदलायला उभा राहतो. कार्डाला एक फ्रेम तयार करायला साधारण १८.२ मिलिसेकंद लागतात. वेळ जुळतच नाही. व्ही-सिंक लावलं, तर सेकंदातल्या ७५ ठोक्यांत ५५ चित्रं बसवावी लागतात. त्यातली ३५ एकेक ठोका दिसतात, उरलेली २० दोन-दोन ठोके अडून राहतात. म्हणजे एक चित्र १३.३ मिलिसेकंद, पुढचं २६.७. फ्रेमचा आकडा ५५ वर स्थिर दिसतो, पण कॅमेरा फिरवला की हिसके बसतात ते यामुळे. व्ही-सिंक काढलं, तर मॉनिटर अर्धं चित्र रंगवत असतानाच नवीन फ्रेम घुसते आणि खांब, भिंती आडव्या रेषेवर तुटलेल्या दिसतात.

अडॅप्टिव्ह सिंकमध्ये मॉनिटर ठोक्याची सक्ती सोडतो. वेळापत्रकाच्या बसऐवजी वडाप, गिऱ्हाईक चढलं की निघाली. फ्रेम १८.२ मिलिसेकंदांनी आली, तर मॉनिटर १८.२ नंतर चित्र बदलतो. पुढची २० ला आली तर २० नंतर. फ्रेम तेवढेच राहतात, एकही वाढत नाही, पण प्रत्येक चित्र आपापला वेळ पडद्यावर असतं. हिसका आणि फाटणं दोन्ही जातात. हार्ड डिस्क हळू आहे किंवा प्रोसेसर दमलाय म्हणून गेम मध्येच अर्धा सेकंद थांबत असेल, तर त्यावर मात्र याचा इलाज नाही.

फ्रीसिंकला एएमडीचंच कार्ड लागतं, हा दावा एकेकाळी बरोबर होता. एनव्हीडियानं २०१३ साली जी-सिंक नावानं हेच तंत्र आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं मॉड्यूल बसवावं लागे, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशातून जाई. २०१४ साली पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेनं अडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट या वायरीच्या मानकात घेतलं, त्यावर एएमडीचं फ्रीसिंक उभं राहिलं. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हीडियानंही ड्रायव्हरमधून हे मॉनिटर चालवायला सुरुवात केली. आज हिशेब असा: एनव्हीडियात जीटीएक्स १० मालिकेपासून पुढं चालतं, म्हणजे १०५० टीआय सुद्धा, ७५० टीआय किंवा ९६० वर नाही. एएमडीत आरएक्स ४०० पासून पुढची सगळी कार्डं चालतात. इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आणि आर्क कार्डांवर.

खरी मेख वायरीत आहे. निपाणीच्या माझ्या मामेभावाकडं एनव्हीडियाचं १६६० सुपर आहे आणि ४८ ते ७५ हर्ट्झ पट्ट्याचा फ्रीसिंक मॉनिटर, म्हणजे तेवढ्यातच अडॅप्टिव्ह सिंक चालणारा. फोन करून म्हणाला, “दादा, सगळं उघडून बघितलं, जी-सिंकचं पानच दिसत नाही.” खोक्यातून आलेली एचडीएमआय वायर त्यानं तशीच लावली होती. एचडीएमआयवरचं फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची सोय आहे. त्याचं कार्ड ती ओळखत नाही. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट होता म्हणून वाचलं. वायर बदलली, ती मदरबोर्डला नव्हे तर कार्डालाच लावली, मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू केलं, आणि `NVIDIA Control Panel` मध्ये `Set up G-SYNC` दिसायला लागलं. तिथं `Enable G-SYNC, G-SYNC Compatible` वर खूण, आणि मॉनिटर एनव्हीडियाच्या तपासलेल्या यादीत नसल्यामुळं खाली `Enable settings for the selected display model` वरही. खरंच चालतंय का, हे मॉनिटरच्या मेनूत रिफ्रेश रेटचा आकडा बघून कळतं. गेम चालू असताना तो ७५ वर चिकटून न राहता सतत हलला पाहिजे.

तेव्हा एनव्हीडिया कार्ड असेल, तर मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे का ते मागची बाजू बघूनच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांना फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए असतं. व्हीजीए आणि डीव्हीआयवरून हे कुणाचंच चालत नाही. एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर, म्हणजे त्या वायरीवरचं अडॅप्टिव्ह सिंक, असलेला मॉनिटर आणि आरटीएक्स ३० मालिकेपासूनचं कार्ड अशी जोडी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं एचडीएमआय चालतं.

“सगळे सारखेच” या वाक्यानं मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण पैसे इथंच बुडतात. मामेभावाचा गेम मोकळ्या रस्त्यावर ६० फ्रेम द्यायचा आणि गर्दीच्या बाजारात ४२ वर यायचा. ४२ म्हणजे मॉनिटरच्या पट्ट्याच्या खाली. तिथं अडॅप्टिव्ह सिंक सुटतं आणि नेमकं जड जागी हिसके परत येतात. पट्टा ४८ ते १४४ असता, तर ड्रायव्हरनं प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली असती. ४२ चे ८४ झाले, पट्ट्यात बसले, डोळ्याला काही कळलं नसतं. याला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि त्यासाठी कमाल हर्ट्झ किमानच्या निदान दुप्पट लागतात. ४८ ची दुप्पट ९६. ७५ मध्ये ती बसत नाही. खोक्यावर `FreeSync Premium` असेल तर ही सोय असते. नुसतं `FreeSync` असेल तर पट्ट्याचे दोन्ही आकडे कंपनीच्या पानावर शोधा. दुकानदाराला बहुधा वरचाच आकडा पाठ असतो.

म्हणजे ज्याचं कार्ड ४० ते ६० मध्ये अडकतं, त्यालाच १४४ चा मॉनिटर जास्त उपयोगी. एवढे फ्रेम आपल्याला कधी मिळणार, हा प्रश्नच नाही; वरची जागा फ्रेम दुप्पट करण्यासाठी लागते. मॉनिटरचं पॅनेल व्हीए जातीचं असेल, तर फ्रेम ४८ च्या आसपास वर-खाली होताना किंवा लोडिंगच्या पडद्यावर उजेड किंचित लुकलुकतो, विशेषतः काळोख्या दृश्यात. तो त्रास फारच होत असेल, तर सेटिंग अशा ठेवा की गेम त्या सीमेवर घुटमळणार नाही.

मामेभावानं मॉनिटर बदलला नाही. सावल्या `Ultra` वरून `Medium` वर आणल्या, गर्दीची घनता एक पायरी उतरवली. बाजारात आता ५१-५२ च्या खाली जात नाही, आणि ७२ वर कॅप लावलाय.