सव्वातीन फुटांचा ढीग आणि तुमचे ३५ अंश

«तुमच्या लेखातलं रेतीचा ढीग मोजायचं सूत्र वापरलं आणि तोंडघशी पडलो. परीघ ३८ फूट, उंची सव्वातीन फूट, हिशोब केला तर जेमतेम सव्वा ब्रास. पैसे दीड ब्रासचे दिलेले. रेतीवाल्याशी भांडलो, तो ऐकेना. मग मुलाच्या पुस्तकात बघून ३५ अंशांचा कोन धरला, तर एक पूर्णांक बासष्ट ब्रास आली! रेतीच्या ढिगाचा कोन ठरलेला असतो ना, मग उंची मोजायला सांगता कशाला? नुसत्या परीघावरून होतं की. लेख दुरुस्त करा. — कोपरीचा एक वाचक»

नमस्कार. लेख दुरुस्त करतो, पण तुम्ही सांगताय तसा नाही. चूक वेगळीच आहे, आणि निम्मी माझी आहे.

आधी तुमचे आकडे. परीघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३७.७ (तो आकडा म्हणजे १२ गुणिले π). १४४४ गुणिले सव्वातीन भागिले ३७.७, म्हणजे साधारण १२४ घनफूट. ब्रास शंभर घनफुटांचा, तेव्हा सव्वा ब्रास. गणित बरोबर. ३५ अंशांचंही बरोबर. अडचण अशी की दोन्ही बरोबर गणितं एकाच ढिगाला लागू पडू शकत नाहीत, आणि हे ढीग स्वतःच सांगत होता. ३८ फूट परीघाची त्रिज्या ६ फुटांहून किंचित जास्त. सव्वातीन भागिले सहा, म्हणजे ०.५४, म्हणजे २८ अंश. कोरडी रेती घमेल्याने ओतली की ती ३० ते ३५ च्या दरम्यान सरकायची थांबते. २८ आले की समजायचं, ढीग आता नुसता ओतलेला राहिलेला नाही, कोणीतरी हात लावलाय. कोनाचा उपयोग इतकाच आहे: उंची वाचवायची नाही, उंचीवर पहारा ठेवायचा. लेखात हे एक वाक्य राहिलं, ते माझंच.

आता हात कुठे लागला, यावर सगळं अवलंबून. दोन शक्यता घ्या.

पहिली, टोक सपाट झालंय. पोरं चढली, किंवा मजुराने वरून दोन फावडी उचलली. बाजूचा उतार जसाच्या तसा, ३ फूट आडवं गेलं की २ फूट खाली. हा साधारण ३३–३४ अंशांचा उतार. तो पुरा वरपर्यंत नेला असता तर टोक ४ फुटांवर गेलं असतं. तुमचं पाऊण फूट गेलं. किती रेती गेली? शंकूच्या टोकाचं घनफळ उंचीच्या घनाप्रमाणे घटतं: वरचा पाचवा हिस्सा कापला तर एकशे पंचविसावा भाग जातो. म्हणजे जवळपास काहीच नाही, एक-दोन घमेली. ढिगात अजून दीड ब्रास आहे, पण सूत्रात सव्वातीन टाकली की ते २० टक्के गायब करतं, कारण त्याला वाटतं ढीग तळापासूनच बसका आहे. या बाबतीत तुमची नुसत्या परीघाची युक्ती माझ्यापेक्षा सरस ठरते. मान्य.

दुसरी शक्यता उलटी. उंची खरी, पण पायथा पसरलाय: पाऊस पडला, कोणी चालत गेलं, स्कूटर वळवली, आणि रेतीची पातळ चादर बाहेर गेली. टेप चादरीच्या कडेने फिरवला तर ३८ फूट येतात, पण खरा ढीग त्याच्या आत असतो. सव्वातीन फूट उंचीला ३:२ उताराने त्रिज्या पाच फुटांच्या थोडी आत, परीघ ३०–३१, घनफळ ८१ घनफूट. बाहेरच्या चादरीची सरासरी जाडी दोन इंच धरली तर तिचे सात. एकूण ८८! आणि नुसत्या परीघाने याच ढिगाचे दीड ब्रासहून जास्त म्हणून सांगितले असते. तुम्ही परीघाचा घन करता, त्यामुळे टेपची चूक तिप्पट होऊन बसते. ३८ च्या जागी ३९ वाचले तर घनफळ आठ टक्के वाढतं.

मी स्वतः ऐरोलीत, आमच्या इमारतीच्या गच्चीच्या कामाच्या वेळी, हीच दुसरी चूक केली. टेप कडेने फिरवला, कॉन्ट्रॅक्टरपुढे मोठ्या ऐटीत आकडा टाकला आणि नंतर रेती घमेल्याने मोजून बघितली तेव्हा गप्प बसलो.

तेव्हा हे एवढं करा. तीन फुटांची सरळ पट्टी घ्या, एक टोक ढिगाच्या मधल्या उतारावर टेकवा, दुसरं बाहेर, स्पिरिट लेव्हलने आडवी ठेवा. बाहेरच्या टोकातून ओळंबा सोडा. दोरी दोन फुटांवर रेतीला टेकली तर उतार सुदृढ आहे. असं तीन-चार बाजूंनी करा. उतार दोन फुटांचा, तरी उंची कमी, असं दिसलं तर वरचं टोक बघा: सपाट असेल तर उंची बाजूला ठेवा, त्रिज्येच्या दोन तृतीयांश धरा. सगळं एका ओळीत हवं असेल तर परीघाचा घन भागिले ३५५. तुमच्या ३८ ला १५४ घनफूट. टोक शाबूत असेल तर टेप पायथ्याच्या कडेला नको. उतार जिथे संपून पातळ चादर सुरू होते तिथे हाताने रेती सारा, आणि तिथून फिरवा.

तुम्ही धरलेल्या ३५ बद्दल. ती कोरड्या रेतीची वरची बाजू आहे, ठरलेला आकडा नाही. ३० धरले तर तुमच्या ३८ फुटांत १३४ घनफूट, ४० धरले तर १९४. आणि ४० येतातच: दमट रेतीत कणांच्या मधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, म्हणून ओली रेती उभी राहते. ठाण्यात जूनमध्ये ताडपत्री नीट नसेल तर वरचा थर ओला, आतला कोरडा, आणि एकाच ढिगाला दोन उतार. अशा वेळी पुस्तकातला कोन विसरा, पट्टी लावून आलेला घ्या.

आणखी एक, डंपरने रेती ओतली तर ढीग गोल नसतो, लांबट असतो. परीघ तेवढाच, पण आतलं क्षेत्र कमी, म्हणजे सूत्र जास्त दाखवतं. दोन आडव्या-उभ्या दोऱ्या लावून व्यास बघा. फुटाहून जास्त फरक असला तर मजुराला पाच मिनिटं फावडं फिरवायला सांगा, किंवा ढिगाच्या नादाला न लागता उतरवण्याआधी डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची मोजा. मी आता तेच करतो.

ढीग अजून तसाच असेल तर पट्टी लावून बघा आणि टोक कसं आहे ते लिहा. सपाट निघालं तर रेतीवाला खरं बोलत होता.