'मर्यादा एक तासाची, पोरगं बघतंय तीन तास': एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

"सर, तुमचा मागचा लेख वाचून मुलाला (वय ११) पहिला फोन दिला तेव्हा फॅमिली लिंक हे पालकांनी मुलाच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं अॅप लावलं. रोज एक तास. पहिले दोन आठवडे छान गेले, मग लक्षात आलं की साहेब तीन-तीन तास व्हिडिओ बघतायत, आणि नको त्या साइटही उघडतायत. म्हणजे हे सगळं निरुपयोगी. शिवाय मुलांवर पाळत ठेवणं मला पटत नाही. तुम्ही पालकांना खोटा दिलासा देताय."
– सिडकोतली एक आई

ताई, खोट्या दिलाशाबद्दल तुमचं बोलणं मला लागलं, आणि ते बरोबरही आहे. मागच्या लेखात मी मर्यादा लावायची कशी एवढंच सांगितलं. ती कुठून गळते ते लिहिलं नाही, आणि ते लिहायला हवं होतं. कारण आमच्या घरी, इंदिरानगरला, मे महिन्यात हेच झालं होतं.

माझा मुलगा तेव्हा अकराचा. आजोबांचा जुना फोन त्याला दिला आणि रोजचा सव्वा तास ठरवला. शाळेचा आणि क्लासचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर, म्हणून मी व्हॉट्सअॅप 'Always allowed' यादीत टाकलं. या यादीतल्या अॅपची वेळ रोजच्या मर्यादेत धरली जात नाही, आणि फोन लॉक झाला तरी ती अॅप चालू राहतात. अभ्यासाचा निरोप चुकू नये एवढाच माझा हेतू होता.

एका रविवारी दुपारी फॅमिली लिंकमधला दिवसाचा अहवाल उघडला. यूट्यूब ३८ मिनिटं, एक गेम ३५ मिनिटं, व्हॉट्सअॅप १ तास ५२ मिनिटं. अकरा वर्षांचं पोर जवळजवळ दोन तास कुणाशी चॅट करणार? मी शेजारी बसून म्हटलं, दाखव तर. त्याने काही न लपवता दाखवलं. मित्राने पाठवलेल्या यूट्यूबच्या लिंकवर बोट लावलं की व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्याच छोट्या खिडकीत सुरू होत होता. यूट्यूबचं अॅप उघडतच नव्हतं, त्यामुळे त्याला लावलेली वेळही संपत नव्हती आणि वयाची गाळणीही लागत नव्हती. पाच-सहा पोरं दिवसभर एकमेकांना लिंका पाठवत होती. चूक माझ्या सेटिंगची होती. दाराला कुलूप लावून खिडकी मीच उघडी ठेवली होती.

म्हणून आधी तुमच्या फोनवर फॅमिली लिंक उघडा आणि कुठल्या अॅपला किती मिनिटं गेली तेवढं बघा. एकूण वेळ ठरवल्यापेक्षा जास्त भरत असेल, तर जादाची मिनिटं बहुतेक 'Always allowed' मधल्या एखाद्या अॅपच्या नावावर सापडतील. त्या यादीत आता आमच्याकडे फक्त फोनचं अॅप आहे, म्हणजे क्लासवरून 'घ्यायला या' असा कॉल तो कधीही करू शकतो. तसाही लॉक झालेल्या फोनवर आलेला कॉल उचलता येतो आणि आपत्कालीन कॉलही करता येतो, त्यामुळे लॉकमुळे पोरगं अडकेल ही भीती नको. व्हॉट्सअॅप मी त्याच्या फोनवरून काढलंच. त्यासाठी किमान वय १३ आहे, हे माहीत असूनही मी दुर्लक्ष केलं होतं. शाळेचा ग्रुप आता त्याच्या आईच्या फोनवर असतो आणि रात्री जेवणानंतर दोघं मिळून निरोप बघतात. पहिले आठ दिवस कुरकुर होती. आणि कधी शाळेच्या कामाला जास्त वेळ लागला, तर माझ्या फोनवरून त्या दिवसापुरती वाढीव मिनिटं देतो. मूळ मर्यादा हलवत नाही.

आता नको त्या साइटांचं. फॅमिली लिंकमधली 'Try to block explicit sites' ही अश्लील साइट अडवायची गाळणी फक्त क्रोमपुरती धरा. जुन्या फोनमध्ये बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ब्राउझर बहुधा आधीपासून असतो, त्याला ही गाळणी लागत नाही. एखाद्या अॅपच्या आतच उघडणाऱ्या पानालाही ती लागेलच असं नाही. तेव्हा मुलाच्या फोनमधल्या सगळ्या अॅपची यादी बघा, क्रोम सोडून जो ब्राउझर दिसेल तो फॅमिली लिंकमधून बंद करा, आणि नवीन अॅप तुमच्या मंजुरीशिवाय येणार नाही असं ठेवा. ही मंजुरी महत्त्वाची, कारण नेटची वाट बदलून गाळणी चुकवणारं व्हीपीएनचं एखादं अॅप आलं की पुढे सांगतोय तो उपायही फुकट जातो.

तो उपाय फोनच्या सेटिंगमध्येच आहे. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या भागात 'Private DNS' नावाची जागा असते. तिथे आपण ठरवलेलं नाव टाकायचा पर्याय निवडून एवढंच लिहायचं:

```
family.cloudflare-dns.com
```

कुठलीही साइट उघडण्याआधी फोन 'या नावाचा पत्ता काय' असं विचारतो. आता तो हे क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबांसाठीच्या सेवेला विचारतो, आणि अश्लील म्हणून नोंद असलेल्या साइटचा पत्ता ती देतच नाही. ब्राउझर कुठलाही असो, घरचं वायफाय असो की मोबाइल डेटा, सहसा फरक पडत नाही. पण ही सेवा फक्त साइटचं नाव ओळखते. यूट्यूबच्या आतला एखादा व्हिडिओ किंवा ग्रुपवर आलेला फोटो तिला दिसत नाही. त्यामुळे यूट्यूबची वयाची पातळी वेगळी ठरवावी लागते. फॅमिली लिंकमध्ये 'Explore' ही नऊ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आणि 'Explore More' तेरापासून, तेव्हा तुमच्या मुलाला पहिलीच ठेवा.

शिवाय Private DNS चं हे सेटिंग मुलगा स्वतः बदलू शकतो, त्याला कुलूप नाही. म्हणून दर रविवारी मी त्याच्या फोनवर `nudity.testcategory.com` उघडून बघतो. हे चाचणीसाठीच बनवलेलं पान आहे. ते उघडलं नाही म्हणजे गाळणी जागेवर आहे. उघडलं, तर सेटिंग कुणीतरी बदललंय. आमच्याकडे एकदा उघडलं होतं. विचारल्यावर कळलं की एका हॉटेलात लॉगिनचं पान येणाऱ्या वायफायवर नेट चालेना, म्हणून मावसभावाने ते बंद केलं आणि परत लावायचं राहिलं. न विचारता रागावलो असतो तर पोरावर अन्याय झाला असता.

राहिली पाळत. ताई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. फॅमिली लिंकमध्ये मला त्याचे मेसेज दिसत नाहीत, तो फोनवर काय बोलतो ते कळत नाही. कुठलं अॅप किती मिनिटं चाललं, कुठली अॅप आहेत आणि फोन कुठे आहे, एवढंच दिसतं. फोन कुठे आहे हे बघणं मी बंद ठेवलंय, कारण तो सोसायटीच्या आवारातच खेळतो. मर्यादा किती आणि लॉक कधी, हे त्याला त्याच्या फोनवर दिसतं, आणि लावताना मी त्याला शेजारी बसवून प्रत्येक गोष्ट दाखवली. चोरून मेसेज वाचणारी अॅपही बाजारात मिळतात. त्यांना माझाही तुमच्याइतकाच विरोध आहे. पण रात्री नऊला फोन आपोआप बंद होणं ही मला पाळत वाटत नाही. उलट त्यामुळे आमच्याकडे रोजचं 'ठेव आता, पाचच मिनिटं' थांबलं.

तुमच्या मुलाच्या फोनवर सगळ्यात जास्त मिनिटं कुठल्या अॅपला गेली ते आज रात्री बघून इथेच लिहा. फोनचं मॉडेलही लिहा, म्हणजे त्यात कुठला ब्राउझर आधीपासून आहे ते शोधून तो बंद करायच्या पायऱ्या सांगतो.