चहाच्या कपाखालचा नफा

मध्यंतरी एका पतसंस्थेतल्या साहेबांनी माझ्या नफ्यावर चहाचा कप ठेवला. नफा म्हणजे कागदावरचाच, पण त्यासाठी मी दीड हजार रुपये मोजले होते.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझी बेकरी आहे. मुख्य माल स्लाइस ब्रेड, कारण कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेड लागतो. पावावर मिसळ खाणारे पाहुणे आले की इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त मनात नोंद करून ठेवतात. तर स्लाइसिंग मशीनसाठी कर्ज हवं होतं आणि साहेब म्हणाले, "ब्रेक-इव्हन चार्ट लावा." हिशेब लिहून देणाऱ्या ओळखीतल्या पोराकडून तो रंगीत छापून घेतला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि सोमवारी सकाळी टेबलावर ठेवला. साहेबांनी फोल्डर उघडला, "हं" म्हणाले, बरोब्बर दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं कप टेकवला आणि फोन घेऊन बाहेर गेले. ते गेले ते पाऊण तास. कप उचलून बघतो तर ना-नफा-ना-तोट्याच्या बिंदूभोवती तपकिरी कडं उमटलेलं. आत साखर जास्त असावी, कारण कागद चिकटायला लागला होता.

मी रुमालानं ते पुसत होतो. पुसल्यामुळं ते आणखी पसरत होतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा पुढं सरकले. डोक्याला पटका, हातात पासबुक, अंगाला म्हशीचा वास. हा वास मी ओळखतो, गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लास हातात घेऊन उभं राहिलं की तो येतो. समोर धार काढून दिलेल्या दुधाला तो शोभतो, पतसंस्थेच्या एसीत मात्र जरा जास्तच कळतो.

"काय रं हे?"

"आलेख हाय मामा. धंद्याचा."

"दाव की."

मी दाखवला. न दाखवून करतो काय, साहेब येईपर्यंत मला दुसरं कामच नव्हतं. आडव्या रेषेवर महिन्याची पाकिटं, उभीवर रुपये. हिरवी रेषा विक्रीची, ती शून्यातून निघून सरळ वर जाते. एक पाकीट ३० रुपयांना, म्हणजे जितकी पाकिटं तितके ३०. लाल रेषा खर्चाची, ती मात्र शून्यातून निघत नाही. ती ६०,००० पासूनच सुरू होते आणि मग हिरवीपेक्षा सावकाश चढते.

मामांनी लाल रेषेच्या मुळाशी बोट ठेवलं. "ही मदनंच का उगवली? पाकीट एक बी विकलं न्हाई, आन् साठ हजार?"

मी समजावलं, की भाडं १६,०००, दोन कारागीर ३६,०००, आणि वीजजोडणीचा ठरलेला आकार, आधीच्या कर्जाचं व्याज, परवाने असलं सगळं मिळून ८,०००. दुकान बंद ठेवलं तरी हे जातंच.

"म्हंजी भाकड म्हस," मामा म्हणाले.

"काय?"

"दूध न्हाई, तरी वैरण खाती. रोज. तिला सांगून बघ की, आटलीयास तर जरा कमी खा." ते खूश झाले. "आन् फुडं ही चढती का मग?"

पुढं चढते ती मैदा, यीस्ट, तेल, साखर, रॅपर आणि भट्टीच्या डिझेलमुळं. पाकिटामागं १८ रुपये. विकतो ३० ला. म्हणजे प्रत्येक पाकिटामागं १२ रुपये उरतात, पण ते माझे नव्हेत. ते आधी त्या साठ हजाराचं तोंड बुजवायला जातात. बारा-बारा करत साठ हजार भरायला ५,००० पाकिटं लागतात. तिथं हिरवी लालला गाठते. खर्च दीड लाख, विक्री दीड लाख, हातात शून्य. त्याच्या डावीकडं लाल वर, म्हणजे खड्डा. उजवीकडं हिरवी वर, म्हणजे बारा-बारा रुपये खरोखरच घरी.

"ज्या दिवशी म्हस वैरणीपुरतं दूध देती, तो दिवस," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी खुर्चीवरच्या बाकी तिघांनाही मोठ्यानं सांगितलं. त्यातल्या एका बाईंनी मान डोलावली. माझ्या दीड हजारांच्या चार्टचं भाषांतर फुकटात चालू होतं आणि मूळ लेखकाला कुणी विचारत नव्हतं.

इथंच थांबले असते तर मी त्यांना चहा पाजला असता.

"मग तू कुठं उभा हाईस ह्यात?"

मी जरा छाती काढून ५,७२० वर बोट ठेवलं. रोज २२० पाकिटं, महिन्याला २६ दिवस. बिंदूच्या उजवीकडं ७२० पाकिटं, बारानं गुणून ८,६४० रुपये नफा.

"गल्ल्यात हाईत का ते?"

हा प्रश्न मला माझ्या बायकोनं विचारला होता, गेल्या तीन महिन्यांत तीनदा. दर वेळी मी उधारीचं नाव सांगितलं होतं.

"२२० भाजतूस का इकतूस?"

"भाजतो."

"आन् परत किती येत्यात?"

परत वीसेक येतात. मिसळवाले संध्याकाळी उरलेली पाकिटं माघारी देतात, ती दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. मी हे सांगितलं आणि सांगताना स्वतःलाच ऐकू आलं. आडव्या रेषेवर पोरानं लिहिलं होतं 'विकलेली पाकिटं', आणि मी त्याला आकडा दिला होता भाजलेल्यांचा. खर्च भाजलेल्या ५,७२० वर होतो, पैसे विकलेल्या ५,२०० वर येतात. आलेखाला हा फरक दिसत नाही, त्याच्यासाठी एकच आकडा दोन्ही रेषांवर चालतो. मी फोल्डरच्या मागं गणित केलं. विक्री १,५६,०००. खर्च साठ हजार आणि ५,७२० पाकिटांचे अठरा-अठरा, मिळून १,६२,९६०. म्हणजे ८,६४० नफ्याच्या जागी ६,९६० तोटा. गल्ला खरं बोलत होता. बायकोही. पुढच्या तीन महिन्यांत हे मला किती वेळा ऐकावं लागेल, त्याचा आलेख मात्र कुणी काढून देणार नाही.

आता कुणीही सभ्य माणूस इथं सांत्वन करतो. मामांनी पासबुकानं वारा घेतला आणि विचारलं, "वैरण काढणाऱ्याची मजुरी धरली न्हाईस?"

"कारागिरांचा पगार आहे की त्यात."

"तुझी रं. पहाटं चारला भट्टी कोण पेटवतंय?"

मी पेटवतो. मी पीठ बघतो, सुट्टीवर गेलेल्याच्या जागी उभा राहतो आणि मिसळवाल्यांच्या मागं उधारीसाठी फिरतो. माझा पगार त्या साठ हजारात नाही. एका कारागिराइतके १८,००० माझ्या नावानं धरले तर लाल रेषा ७८,००० पासून सुरू होते आणि दोघींची गाठ ६,५०० पाकिटांवर पडते, म्हणजे रोज २५० खरोखर विकल्यावर. माझी २०० विकली जातात. घरचा माणूस फुकट राबला की बिंदू डावीकडं सरकतो आणि धंदा ठणठणीत दिसतो. आमच्याकडं अशा ठणठणीत दुकानांची अख्खी पेठ निघेल. त्यात बायका-पोरं, रिटायर झालेला काका, सगळे शून्य रुपयांवर कामाला, आणि मालक सांगतो, "चाललंय बरं." हे वाक्य मीही लोकांना सांगत आलोय.

साहेब परत आले. कप हलवलेला पाहून ते नाराज दिसले. मग त्यांनी चार्ट हातात घेतला आणि थेट उजव्या टोकाला बोट ठेवलं. "दहा हजार पाकिटांना साठ हजार नफा दिसतोय. मग कर्ज लागतंय कशाला?"

मी म्हणालो, "सर, माझी भट्टी दिवसाला ३०० च भाजते. महिन्याला ७,८००. त्याच्या पुढची रेषा नुसती कागदावर आहे. संगणकानं आकडा गोल केला म्हणून ती दहा हजारापर्यंत गेली."

"पण रेषा तर सरळ जातेय."

"दुसरी भट्टी आणि तिसरा कारागीर घेतल्याशिवाय जात नाही सर. आणि ते घेतलं की खर्चाची रेषा तिथं पायरीसारखी वर उडी मारते. नवीन गाठ आणखी लांब जाते."

"पायरी चार्टमध्ये दाखवलेली नाही."

हे खरं होतं. दीड हजारात पायरी बसत नाही. साहेबांनी चार्टवर 'सुधारून आणणे' असं लिहिलं, तेही चहाच्या कड्याच्या आत, जणू ते कडं त्यासाठीच आखून ठेवलं होतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की समोरच्याच्या धंद्याचा कागद आहे हे माहीत असताना कप टेबलावर ठेवायला दुसरी जागा होती. काचेखाली देवाचा फोटो होता, त्याच्यावर नाही ठेवला.

मामा अजून तिथंच होते. त्यांचं काम झालं होतं, पण ते जायला तयार नव्हते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "त्या माघारी आलेल्या पाकिटांचं काय करतूस?"

"टाकतो. काही कुत्र्यांना."

"माझी म्हस खाती," मामा म्हणाले. "वैरणीत थोडं थोडं कालवून. लई न्हाई, पोट बिघडतंय. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते खरंच पोतं घेऊन आले. मी वीस पाकिटं दिली, फुकट. भाव विचारायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी आधीच "तुझी जागा रिकामी केली बघ" म्हणून पोतं खांद्याला लावलं. पंधरा-वीस दिवस हे चालू आहे. माझ्या लाल रेषेतले १८ गुणिले २० रोज त्यांच्या गोठ्यात जातात आणि त्यांच्या वैरणीची रेषा, म्हणजे ६०,००० वाली नव्हे, मामांची, तेवढी खाली येते.

काल मात्र ते दारातून परत फिरले आणि म्हणाले, "उद्यापासनं पुड्या सोडून ठेव की. रॅपर काढायला येळ जातोय माझा."

रॅपर काढायला रोज पंधरा मिनिटं लागतात. मीच काढतोय.