तिमाहीच्या दिवसांबाबत खुलासा

“२०२४ लीप वर्ष आहे, म्हणून २०२४-२५ च्या अहवालात ३६६ दिवस धरा.”

मुंबईतील लेखा विभागांत फिरणारी ही सूचना चुकीची आहे. २९ फेब्रुवारी २०२४ हा दिवस एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या आर्थिक वर्षात पडतो, त्यामुळे ९१ दिवसांची चौथी तिमाही त्या वर्षाची होती. २०२४-२५ च्या तिमाह्या अनुक्रमे ९१, ९२, ९२ आणि ९० दिवसांच्या, म्हणजे एकूण ३६५ दिवसांच्या आहेत. जानेवारी ते मार्च २०२५ ची ९,००,००० रुपयांची विक्री ९० ने भागल्यास रोजची सरासरी १०,००० रुपये येते, ९१ ने भागल्यास सुमारे ९,८९० रुपये, आणि विक्री घटल्याचा खोटा भास होतो.

तक्त्यात शेवटच्या तारखेतून पहिली तारीख वजा करून एक मिळवावा, कारण नुसत्या वजाबाकीत पहिला दिवस गळतो:

```
=B2-A2+1
```