उमामी म्हणजे अजिनोमोटोच का?

“उमामी म्हणजे चायनीजमधला अजिनोमोटो. आपल्या घरच्या जेवणात ही चव नसतेच.”

हे खरं नाही. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यानंतरची ही पाचवी चव ग्लुटामेट या घटकामुळे लागते. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ते समुद्री शेवाळाच्या कढणातून वेगळं काढलं. अजिनोमोटो हा त्याचाच क्षार. पण ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं, आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त. नेमका तोच आपण काढून टाकतो!

येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ. त्याच्या आमटीत करून बघा. चार माणसांसाठी दोन लालबुंद टोमॅटो बियांसकट चिरा आणि फोडणीत मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत परता. पाणी आटतं, चव दाट होते. मग दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून घाला, लागेल तसं पाणी घालून उकळा. हिरवट टोमॅटोनं आमटी नुसती आंबट होते. तळाला लागला तर कडवट.

मीठ घालण्याआधी चमचाभर चाखा. सपक लागेल. मीठ पडल्यावर तीच आमटी तोंडभर पसरते आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळते. ते रेंगाळणं म्हणजे उमामी. तिखटाचा यात संबंध नाही. तो झोंबण्याचा प्रकार, चवीचा नव्हे.