मुदतीत झालेली कोरडी योजना

"काका, योजना मुदतीत झाली, बजेटात झाली, टेस्टिंगपण ओके आलं. मग गावातले लोक फेल का म्हणायलेत?"

हा पुतण्याचा मेसेज. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या नळयोजनेवर तो साइट इंजिनिअर होता.

त्याने काम मनापासून केलं, हे मला माहीत आहे. पण वेळ, खर्च आणि दर्जा हा लोखंडी त्रिकोण काम कसं पार पडलं एवढंच सांगतो. हे तीन निकष पुरेसे नाहीत, ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना काय मिळालं तेही बघा, असं प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉजर ॲटकिन्सन यांनी १९९९ मध्येच लिहिलं होतं.

गाव २४०० लोकांचं. माणशी ५५ लिटर धरले तर रोज १ लाख ३२ हजार लिटर लागतात. विहिरीची आवक मोजली ती दिवाळीनंतर. तेव्हा पाणी काठाशी होतं, उपसा केला की रात्रीतून पुन्हा भरायचं. पण आपला खडक काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि भेगांत. एप्रिलमध्ये तीच विहीर दिवसाला जेमतेम २० हजार लिटर देते. म्हणजे माणशी आठ लिटर. पाइप फुटला नाही, टाकी गळत नाही, आणि नळाच्या तोंडाला वहिनींनी चिंधी बांधून ठेवलीय, सरडे शिरतात म्हणून.

विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेले अण्णा म्हणतात, "ही विहीर होळीनंतर दम सोडती. मला कुणी इचारलंच नाही." वहिनींना यातलं काही नको होतं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तुमच्या तिकडं टँकर किती दिवसांनी येतो?"

दर आठवड्याचा आढावा, वेळेवर आलेले पैसे, चांगला ठेकेदार ही यशाची कारणं पुतण्याकडे सगळी होती. पण ती त्रिकोण साधण्याची कारणं होती. 'एप्रिलमध्ये ५५ लिटर' हा निकष आधी ठरला असता, तर कारणंही बदलली असती: आवक उन्हाळ्यात मोजणं, अण्णांना विचारणं, पंपाचं वीजबिल निघेल एवढी पाणीपट्टी बसवणं.

सिडनीतला माझा सहकारी ऑपेरा हाऊसकडे बोट दाखवतो. १९६३ ला व्हायचं ते १९७३ ला झालं, ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, तरी आज जग बघायला येतं. "म्हणजे उशिराचं काही नाही," असं तो म्हणतो. हे अर्धंच खरं. तिथला बराचसा पैसा लॉटरीतून आला. आमच्या गावात दहा वर्षं उशीर म्हणजे दहा उन्हाळे डोक्यावर घागर.

आवक उन्हाळ्यातच मोजायची तर योजना सहा महिने लांबते आणि त्या वर्षीचा निधी परत जाऊ शकतो, हे पुतण्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. त्याला एवढंच सांगितलंय की मे महिन्यात अण्णांना घेऊन विहिरीवर जा, उपसा कर, आणि पाणी पुन्हा चढायला किती तास लागतात ते लिहून पाठव.